राखीव चाचणी संच : शितावरून भाताची परीक्षा, पण किती शितांनी?

शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण म्हणतो. ती किती शिते चाचपून करावी, हे मात्र ती म्हण सांगत नाही. संगणकाला वर्गीकरण शिकविणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न असतो. हस्ताक्षरातील आकडा ओळखणे, पत्र नको असलेले आहे की हवे असलेले हे ठरविणे, क्ष-किरण चित्रात व्याधीची खूण आहे की नाही हे सांगणे, अशी कामे करणारे मॉडेल तयार झाले की त्याची अचूकता मोजावी लागते. त्यासाठी काही नमुने शिकवणीपासून मुद्दाम दूर ठेवलेले असतात. त्यांना राखीव चाचणी संच म्हणतात. मॉडेलने त्यांतील किती नमुने बरोबर ओळखले, त्यावरून अचूकतेची टक्केवारी निघते. ही टक्केवारी कितपत भरवशाची आहे, हे त्या संचात किती नमुने होते आणि ते कसे गोळा केले होते यावर अवलंबून असते.

या विषयातील बहुतेक सर्व बारकावे एकाच प्रसिद्ध संचाच्या इतिहासात सापडतात. तो संच म्हणजे हस्तलिखित आकड्यांचा 'एमनिस्ट'.

दहा हजार आकडे

अमेरिकेतील मानके व तंत्रज्ञान राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे 'निस्ट'ने, हाताने लिहिलेल्या अक्षरांचे मोठे संग्रह तयार केले होते. त्यांपैकी एका संग्रहातील आकडे जनगणना खात्याच्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेले होते, तर दुसऱ्यातील आकडे शाळकरी विद्यार्थ्यांनी. कर्मचाऱ्यांचे अक्षर स्वच्छ होते, विद्यार्थ्यांचे वाचावयास अवघड. मूळ योजनेत पहिला संग्रह शिकवणीसाठी आणि दुसरा चाचणीसाठी होता. यान लेकून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हींचे मिश्रण करून नवा संच बांधला. त्यात शिकवणीसाठी ६० हजार आणि चाचणीसाठी १० हजार चित्रे आहेत. चाचणीतील निम्मी चित्रे कर्मचाऱ्यांची व निम्मी विद्यार्थ्यांची आहेत. शिकवणीत ज्यांचे अक्षर आले, त्यांतील कोणाचेही अक्षर चाचणीत येणार नाही, याची काळजी घेण्यात आली.

१९९८ साली लेकून, लेऑं बोतू, योशुआ बेंजिओ आणि पॅट्रिक हाफनर यांनी 'लेनेट-५' या जाळ्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या चाचणी संचावर त्याच्या चुकांचे प्रमाण ०.९५ टक्के होते. म्हणजे १० हजारांपैकी ९५ आकडे चुकले आणि अचूकता ९९.०५ टक्के ठरली. शिकवणीच्या चित्रांत वाकड्यातिकड्या केलेल्या प्रतींची भर घातल्यावर चुका ०.८ टक्क्यांवर, म्हणजे ८० वर आल्या. या दोन आकड्यांचा अर्थ किती ताणता येईल, हा पुढील विवेचनाचा विषय आहे.

एका आकड्यामागची मर्यादा

लेनेट-५ चे ९५ हे मोजमाप त्या विशिष्ट १० हजार चित्रांवरचे आहे. त्याच पद्धतीने वेगळी १० हजार चित्रे निवडली असती, तर चुका कदाचित ८८ झाल्या असत्या, कदाचित १०४. मॉडेल तेच, पण नमुना बदलला म्हणून आकडा बदलला असता. हा हेलकावा किती मोठा असू शकतो, ते मोजण्याचे साधन म्हणजे प्रमाण त्रुटी.

प्रत्येक चित्रावर मॉडेल बरोबर ठरते किंवा चुकते, तिसरी शक्यता नसते. अशा वेळी चुका विरळ असल्या, तर हिशोब फार सोपा होतो. चुकांच्या संख्येची प्रमाण त्रुटी ही त्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. ९५ चे वर्गमूळ सुमारे ९.७. त्याची दुप्पट दोन्ही बाजूंना धरली की ९५ टक्के विश्वासाची मर्यादा मिळते. म्हणून लेनेट-५ च्या चुका दहा हजारांत ९५, पण मर्यादा सुमारे ७६ ते ११४. टक्केवारीत सांगायचे तर चुकांचे खरे प्रमाण ०.७६ ते १.१४ टक्के या दरम्यान असावे. ९९.०५ या आकड्यातील शेवटचे पाच शतांश यापुढे फारसे बोलत नाहीत.

येथे 'विश्वास' या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा लागतो. हीच रीत वापरून पुनःपुन्हा नवे नमुने घेतले आणि दर वेळी अशी मर्यादा काढली, तर शंभरांपैकी सुमारे पंच्याण्णव वेळा खरे प्रमाण तिच्या आत सापडेल. उरलेल्या पाच वेळा ते बाहेर असेल आणि त्या पाचांपैकी आपली वेळ आहे का, हे आपल्याला कळणार नाही.

नमुने मोजू नका, चुका मोजा

नमुन्याचा आकार ठरविण्याचे सूत्र याच विचारातून निघते :

```
n = 3.8416 × p × (1 − p) ÷ d²
```

यात p म्हणजे अपेक्षित अचूकता, d म्हणजे दोन्ही बाजूंना चालणारी चूकभूल आणि n म्हणजे लागणारे नमुने. ३.८४१६ हा अंक ९५ टक्के विश्वासातून येतो. अचूकता ९० टक्क्यांच्या आसपास असेल आणि ती दोन टक्क्यांच्या मागेपुढे कळणे पुरेसे असेल, तर ८६४ नमुने लागतात. तीच एका टक्क्याच्या मागेपुढे हवी असेल तर ३,४५७ लागतात. चूकभूल निम्मी करावयाची तर नमुने चौपट करावे लागतात. ही किंमत टाळता येत नाही. p आधी ठाऊक नसते, तेव्हा एखाद्या छोट्या प्राथमिक चाचणीवरून अंदाज घेतात. काहीच अंदाज नसेल तर p निम्मे धरावे, कारण त्या स्थितीत सर्वांत जास्त नमुने लागतात. एका टक्क्याच्या चूकभुलीसाठी ते ९,६०४ भरतात.

या सूत्रात एक गोष्ट कोठेच नाही. ती म्हणजे ज्या जगात मॉडेल वापरले जाणार आहे, त्या जगाचा आकार. टपालात वर्षाला एक लाख पाकिटे येवोत की एक अब्ज, चाचणीला लागणाऱ्या नमुन्यांची संख्या जवळजवळ तीच राहते. भाताचे पातेले मोठे झाले म्हणून जास्त शिते चाचपावी लागत नाहीत. पातेले नीट ढवळलेले असावे लागते, एवढेच.

यावरूनच एका रूढ सवयीतील उणीव दिसते. उपलब्ध सामग्रीचा पाचवा हिस्सा चाचणीसाठी बाजूला काढण्याची प्रथा आहे. सामग्री पाच लाखांची असेल तर पाचवा हिस्सा एक लाख होतो आणि ९० टक्के अचूकतेवरील चूकभूल ०.२ टक्क्यांहूनही कमी राहते. सामग्री पाचशेच असेल तर हिस्सा शंभराचा होतो आणि तीच अचूकता ८४ ते ९६ टक्के यांमध्ये कोठेही असू शकते. दोन्ही ठिकाणी हिस्सा सारखाच, पण ज्ञान सारखे नाही. शेकडा प्रमाणाला येथे अर्थ नाही, प्रत्यक्ष संख्येला आहे.

मॉडेल जितके चांगले, तितका मोठा संच लागतो, ही बाब अनेकांना उलटी वाटते. इझाबेल गियाँ, जॉन मखूल, रिचर्ड श्वार्ट्‌झ आणि व्लादिमिर वॅपनिक यांनी १९९८ मध्ये अक्षर ओळखण्याच्या संदर्भातच हा प्रश्न तपासला. त्यांच्या निष्कर्षाचे व्यावहारिक सार असे : संच एवढा मोठा असावा की त्यात सुमारे शंभर चुका अपेक्षित असतील. चुकांचे प्रमाण १० टक्के असेल तर एक हजार नमुने पुरतात. ते १ टक्का असेल तर दहा हजार हवेत आणि ०.२ टक्के असेल तर पन्नास हजार. शंभर चुका हाती असल्या की प्रमाण त्रुटी दहा भरते, म्हणजे चुकांचे खरे प्रमाण मोजलेल्या प्रमाणाच्या साधारण वीस टक्के मागेपुढे असते. माहिती चुकांतून मिळते. बरोबर ओळखलेली चित्रे हजारोंनी असली, तरी चुका मोजक्याच असतील तर अंदाज डळमळीतच राहतो.

हा नियम प्रत्येक वर्गाला वेगळा लावला की आणखी एक अडचण समोर येते. एमनिस्टच्या चाचणीत '५' या आकड्याची ८९२ चित्रे आहेत. एक टक्का चुका धरल्या तर '५' च्या वाट्याला नऊच चुका येतात आणि त्यांची मर्यादा दोन्ही बाजूंना सुमारे सहाची. मॉडेल '५' मध्ये कच्चे आहे की '३' मध्ये, असे विधान एवढ्यावर करणे धाडसाचे ठरते. एखाद्या दुर्मिळ वर्गाबद्दल बोलावयाचे असेल, तर त्या वर्गाचे पुरेसे नमुने स्वतंत्रपणे गोळा करावे लागतात. संचाचा एकूण आकार तेथे कामाला येत नाही.

चुका फार थोड्या असतील तर

वर्गमूळ काढून दुप्पट करण्याची रीत चुका मोजक्या झाल्या की बिघडते. शंभरांपैकी ९८ बरोबर आले, तर त्या रीतीने मर्यादा ९५.३ पासून १००.७ टक्क्यांपर्यंत जाते. शंभर टक्क्यांहून अधिक अचूकता असूच शकत नाही. असे अशक्य उत्तर मिळाले की रीत चुकीच्या जागी वापरली गेली, हे ओळखावे. एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये सुचविलेली मर्यादा येथे वापरतात. तिच्यानुसार उत्तर सुमारे ९३ ते ९९.४ टक्के येते. दोन्ही बाजू सारख्या नाहीत. खालची बाजू लांब आहे आणि ते वास्तवाला धरून आहे, कारण वर जाण्यास जागाच थोडी आहे.

एकही चूक न होण्याचा प्रसंग सर्वांत फसवा असतो. वर्गमुळाच्या रीतीने तेथे प्रमाण त्रुटी शून्य येते आणि मॉडेल निर्दोष असल्याचा भास होतो. वैद्यकीय संख्याशास्त्रात यासाठी 'तीनचा नियम' प्रचलित आहे. n नमुन्यांत शून्य चुका झाल्या, तर चुकांचे खरे प्रमाण ३ भागिले n एवढे असू शकते, असे धरावे. तीनशे चित्रे बिनचूक ओळखली, म्हणजे चुका एक टक्क्यापर्यंत असण्याची शक्यता उरतेच. याची पडताळणी सोपी आहे. दर चित्रामागे चुकण्याची शक्यता एक टक्का असेल, तर सलग तीनशे चित्रे बरोबर येण्याची शक्यता ०.९९ चा तीनशेवा घात, म्हणजे सुमारे पाच टक्के. ती अल्प आहे, पण अशक्य नाही.

एकाच हाताचे अक्षर

आतापर्यंतच्या साऱ्या हिशोबात एक गृहीत दडलेले आहे. प्रत्येक नमुना दुसऱ्यापासून स्वतंत्र असावा, हे ते गृहीत. हस्ताक्षराच्या बाबतीत ते पूर्णपणे खरे नसते. ज्या व्यक्तीचा एक '७' चुकीचा ओळखला गेला, तिचे पुढचे 'सात'ही चुकण्याचा संभव जास्त असतो, कारण लिहिण्याची ढब तीच असते. एकाच व्यक्तीची शंभर चित्रे म्हणजे शंभर स्वतंत्र साक्षी नव्हेत.

नमुना पाहणीच्या शास्त्रात याचा हिशोब ठरलेला आहे. एका व्यक्तीची m चित्रे असतील आणि त्यांच्यातील परस्परसंबंधाचे माप ρ असेल, तर प्रत्यक्ष नमुन्यांना 1 + (m − 1) × ρ या संख्येने भागावे. शंभर व्यक्तींची प्रत्येकी शंभर चित्रे मिळून दहा हजार झाली आणि परस्परसंबंध केवळ ०.०१ असला, तरी भाजक सुमारे २ येतो. म्हणजे दहा हजार चित्रांचे मोल पाच हजारांएवढेच राहते. परस्परसंबंध ०.०५ असेल तर ते सुमारे १,७०० वर उतरते.

हे ओळखण्याची साधी खूण अशी, की चुका व्यक्तिवार मांडाव्यात. त्या साधारण सर्वांमध्ये विखुरलेल्या असतील तर चिंता नाही. निम्म्या चुका चार-पाच जणांच्या अक्षरातच सापडल्या, तर मर्यादा व्यक्ती हे एकक धरून काढावी. दवाखान्यातील चित्रांबाबत रुग्ण हे एकक असते, ध्वनिमुद्रणांबाबत वक्ता. अशा ठिकाणी जुन्याच व्यक्तींची आणखी चित्रे घेण्यापेक्षा नव्या व्यक्ती आणणे अधिक लाभाचे ठरते.

पातेले ढवळलेले नसण्याचा धोका याहून वेगळा आहे. एमनिस्टच्या चाचणीतील पहिली ५ हजार चित्रे कर्मचाऱ्यांची असून नंतरच्या ५ हजारांपेक्षा सोपी आहेत. एखाद्याने वेळ वाचविण्यासाठी पहिल्या ५ हजारांवरच चाचणी घेतली, तर त्याला सुबक आकडा आणि अरुंद मर्यादा मिळेल, पण दोन्ही चुकीच्या जागी असतील. नमुने वाढविल्याने हेलकावा कमी होतो, कल कमी होत नाही.

दोन मॉडेलांची तुलना

लेनेट-५ च्या ९५ चुका आणि सुधारित शिकवणीनंतरच्या ८० चुका यांत १५ चा फरक आहे. हे दोन आकडे दोन निरनिराळ्या संचांवरचे असते, तर फरकाची प्रमाण त्रुटी ९५ व ८० यांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १३ आली असती. पंधराचा फरक तिच्या दुपटीहून पुष्कळ कमी आहे. तो योगायोगानेही घडू शकतो, असेच म्हणावे लागले असते.

परंतु दोन्ही मॉडेलांनी तीच दहा हजार चित्रे पाहिली होती. अशा वेळी जी चित्रे दोघांनी ओळखली आणि जी दोघांनाही जमली नाहीत, ती बाजूला ठेवता येतात. तुलना ठरते ती उरलेल्या चित्रांवर, म्हणजे जेथे एक बरोबर आणि दुसरे चूक ठरले तेथे. क्विन मॅक्नेमार यांनी १९४७ मध्ये दिलेली चाचणी हीच. समजा, जुने मॉडेल चुकले पण नवे बरोबर आले अशी २५ चित्रे आहेत आणि उलट प्रकारची १०. फरक पंधराचाच आहे, पण त्याची प्रमाण त्रुटी ३५ चे वर्गमूळ, म्हणजे ५.९. आता फरक तिच्या अडीचपट झाला आणि तो मानण्याजोगा ठरला. याउलट ती विभागणी ६० आणि ४५ अशी असेल, तर प्रमाण त्रुटी १०.२ येते आणि तोच पंधराचा फरक पुन्हा संशयास्पद होतो. केवळ दोन टक्केवाऱ्या वाचून यांपैकी काय घडले, ते कळत नाही. त्यासाठी चित्रागणिक निकाल जपून ठेवावे लागतात.

पुढील काळात चुका इतक्या घटल्या की संचच अपुरा पडू लागला. २०१२ मध्ये डॅन चिरेशान व सहकाऱ्यांनी ३५ जाळ्यांच्या एकत्रित मताने ०.२३ टक्के चुका नोंदविल्या. २०१३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी ०.२१ टक्के नोंदविल्या. म्हणजे एकाच्या २३ चुका आणि दुसऱ्याच्या २१. एकवीस चुकांची मर्यादाच १३ ते ३२ अशी आहे. वेगवेगळे संच वापरून एवढा सूक्ष्म फरक सिद्ध करावयाचा, तर प्रत्येक मॉडेलला सुमारे सव्वाचार लाख चित्रे लागतील. दोन चित्रांच्या फरकावरून श्रेष्ठत्व ठरविण्यास दहा हजारांचा संच असमर्थ आहे.

हरवलेले पन्नास हजार

याच टप्प्यावर या संचाच्या इतिहासातील एक विसरलेली गोष्ट पुढे आली. चाचणीची चित्रे मुळात १० हजार नव्हे, तर ६० हजार तयार करण्यात आली होती. त्यांतील १० हजारच वितरित झाली आणि उरलेली ५० हजार काळाच्या ओघात हरवली. २०१९ मध्ये छवी यादव आणि लेऑं बोतू यांनी निस्टच्या मूळ संग्रहापर्यंत माग काढून ती पुन्हा उभी केली. प्रत्येक चित्र कोणत्या लेखकाचे, ही माहितीही त्यांनी जोडली.

त्यामुळे एक दुर्मिळ प्रयोग शक्य झाला. सुमारे पाव शतक जगभरातील संशोधक त्याच १० हजार चित्रांवर आपली मॉडेले पारखत आले होते. कोणते मॉडेल ठेवावे आणि कोणते टाकावे, हेही अनेकदा त्याच आकड्यांवरून ठरले होते. असे झाले की संच खऱ्या अर्थाने राखीव राहत नाही. अनेक उमेदवारांतून सर्वांत चांगला आकडा निवडताना काही नशीबही त्याच्याबरोबर निवडले जाते. वर दिलेली सूत्रे हे नशीब मोजत नाहीत, कारण मॉडेल आधी ठरले आणि संच नंतर पाहिला, असे ती धरून चालतात. कोणीही न पाहिलेली ५० हजार चित्रे हाती आल्यावर हा दोष पडताळता आला.

निष्कर्ष दुहेरी निघाला. नव्या चित्रांवर चुकांचे प्रमाण जुन्या आकड्यांपासून किंचित सरकले, परंतु मॉडेलांचा आपसांतील क्रम बहुतांशी टिकून राहिला. यादव व बोतू यांनी त्याचे श्रेय सर्व मॉडेले त्याच चित्रांवर जोखली गेली, या गोष्टीला दिले आहे. म्हणजे 'हे मॉडेल किती अचूक?' या प्रश्नाचे उत्तर देण्यास अपुरा पडलेला संच 'या दोहोंत सरस कोणते?' या प्रश्नाला बऱ्याच अंशी पुरला. नमुने किती हवेत, हे ठरविण्यापूर्वी यांपैकी कोणता प्रश्न विचारावयाचा आहे ते ठरवावे लागते. पहिला असेल तर शंभर चुका भरतील एवढी आणि पुरेशा वेगवेगळ्या व्यक्तींकडून आलेली चित्रे जमवावीत व ती शेवटच्या मोजमापापर्यंत उघडू नयेत. दुसरा असेल तर चित्रागणिक निकाल जपावेत आणि मतभेदाच्या जागा मोजाव्यात.